दोन शॉटांच्या मधली रिकामी जागा

शूटिंग संपतं, युनिट घरी जातं आणि एडिट टेबलावर सिनेमा पहिल्यांदा सलग दिसतो. रफ कट नावाच्या या पहिल्या ओबडधोबड जोडणीत जे दिसतं ते बहुतेक वेळा पटकथेसारखं नसतं. कागदावर नीट उभा असलेला प्रसंग पडद्यावर मध्येच लंगडतो. एखादी वस्तू कोणाच्या हातात कशी आली ते कळत नाही, कोणी काय पाहिलं ते उमगत नाही, दुपार कधी सरली याचा पत्ता लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘पॅचवर्क करावं लागेल.’ म्हणजे नेमकं काय करायचं, कोणते शॉट नव्याने घ्यायचे आणि कोणते मुळीच घ्यायचे नाहीत, हे ठरवण्याचं काम प्रत्यक्ष शूटिंगपेक्षा जास्त डोकं खातं. ते कसं चालतं, हे एकाच प्रसंगावर उघडून बघू.

समजा, वीस-बावीस मिनिटांचा एक लघुपट आहे. पुण्याच्या मंडळींनी मे महिन्यात वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात चार दिवस राहून शूट केलेला. शहरातून आलेला मुलगा माजघरातली ट्रंक उघडतो आणि लाइटचं बिल शोधताना त्याला घराच्या विक्रीचं साठेखत सापडतं. त्यावर आईची सही. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात येते. ‘काय शोधतोस?’ ‘लाइटचं बिल.’ तो कागद घडी करून खिशात घालतो. पुढे पाच प्रसंगांनंतर आई त्याला म्हणते, ‘तू वाचलंस तेव्हाच मी पाहिलं होतं.’ सगळ्या कथेचं वजन या वाक्यावर आहे.

हा चौदावा प्रसंग तीन शॉटांत घेतला होता. एक मास्टर, म्हणजे सगळी खोली दाखवणारा लांबचा शॉट: ट्रंक डावीकडे, दार उजवीकडे. दुसरा मुलाचा मिडियम, कंबरेपासून वरचा. तिसरा आईचा दारातला मिडियम, संवाद बोलतानाचा. कागदाचा क्लोज आणि आईचा फक्त बघतानाचा क्लोज यादीत होते, पण प्रकाश गेला आणि ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिले. शूटिंगमध्ये ‘नंतर घेऊ’चा अर्थ बहुधा ‘नाही घेतलं’ असाच निघतो.

एडिटर असा प्रसंग जोडताना रिकाम्या जागा तशाच सोडत नाही. तिथे तो काळी पट्टी टाकतो आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहितो: ‘कागद, क्लोज, ३ सेकंद’. या पट्टीला आपण कार्ड म्हणू. सिनेमा कार्डांसकट पुन्हा पुन्हा बघितला जातो. कार्ड तिथे असताना प्रसंगाची चाल कशी वाटते, ते काढल्यावर काय बिघडतं, ते दोन सेकंद पुढे सरकवलं तर काय होतं, हे सगळं एक रुपयाही खर्च न करता कळतं. पुढची पायरी म्हणजे मोबाइलवर घरच्या टेबलावर तोच शॉट कसाबसा घेऊन कार्डाच्या जागी बसवायचा. दिसायला भिकार असतो, पण लांबी आणि जागा बरोबर आहे का ते सांगतो.

आपल्या प्रसंगात अशी पाच कार्डं पडली. पहिलं प्रसंगाच्या सुरुवातीला, कारण तेराव्या प्रसंगात शेतात टळटळीत दुपार आहे आणि चौदाव्यात एकदम दिवेलागण. दुसरं मुलाने ट्रंक उघडण्याआधी. मूळ पटकथेत अकराव्या प्रसंगात आई त्याला बिल भरायला सांगते, पण तो प्रसंग रेंगाळत होता म्हणून कापला, आणि आता हा मुलगा ट्रंकेत का शिरला ते कोणालाच कळेना. एक कापल्यामुळे दुसरीकडे भोक पडणं ही एडिटिंगमधली नेहमीची गोष्ट. तिसरं कार्ड कागदाचं, चौथं आईच्या नजरेचं, आणि पाचवं मुलगा उठून अंगणात जातो त्याचं.

कार्ड कुठे हवं हे टीमला आपल्याआपण दिसत नाही. त्यांना कथा पाठ असते. दिग्दर्शकाच्या डोक्यात तो कागद साठेखतच असतो, पडद्यावर तो कोरा असला तरी. म्हणून पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना कट दाखवतात. त्यांना ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. ‘त्या मुलाच्या हातात कसला कागद होता?’ ‘आईला काय माहीत आहे?’ असं विचारावं लागतं. तिघांनी ‘बिल’ म्हटलं तर भोक कुठे आहे ते समजलं. आणि प्रेक्षक जिथे अडखळल्याचं सांगतो तिथेच चूक असते असं नाही. शेवटच्या भांडणात आई उगाच चिडलेली वाटली, अशी तक्रार आली, तर बिघाड बहुधा भांडणात नसतो. चौदाव्या प्रसंगात तिने काही पाहिल्याचं कोणाला कळलेलंच नसतं.

आता पाच कार्डं म्हणजे पाच शॉट, चला वाईला, असं केलं तर पैसेही जातील आणि दिवसही. प्रत्येक कार्डाला आधी विचारायचं, हे शूट न करता भरतं का?

पाचवं कार्ड सगळ्यात आधी गेलं. मुलगा कागद खिशात घालतो, तिथून थेट अंगणात विहिरीवर उभा असलेला मुलगा, आणि मध्ये फक्त दाराचा करकर आवाज. माणूस दारातून गेला हे दाखवायला दार लागत नाही, आवाज पुरतो. नवख्या मंडळींच्या पॅचवर्कच्या यादीत अर्धे शॉट असे चालण्याचे, दार उघडण्याचे, जिना चढण्याचे असतात. ते सगळे कार्ड काढून बघितले की बहुतेक निकालात निघतात.

दुसरं कार्ड कानाने भरलं. मुलगा पाठमोरा ट्रंकेकडे जातो असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा मास्टरमध्ये होता. त्यावर स्वयंपाकघरातून आईचा आवाज: ‘बिल ट्रंकेत असेल, बघ.’ आई दिसत नाही, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नाही. ही युक्ती फार जुनी आहे आणि थोरामोठ्यांनी वापरली आहे. ‘कासाब्लांका’ (१९४२) संपतो तो हम्फ्री बोगार्टच्या एका वाक्यावर. शूटिंग उरकल्यानंतर निर्माते हॅल वॉलिस यांनी ते वाक्य लिहिलं, बोगार्टला पुन्हा बोलावून फक्त त्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि धुक्यात पाठमोऱ्या जाणाऱ्या दोन माणसांवर बसवला. सिनेमाच्या इतिहासातल्या सर्वाधिक लक्षात राहिलेल्या वाक्यांपैकी एकासाठी कॅमेरा सुरूच केलेला नाही.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आतल्या खोलीतून आलेला आवाज डबिंगच्या केबिनमध्ये माइकला तोंड लावून बोलल्यासारखा आला, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा जाणवतो. अभिनेत्रीला माइकपासून लांब, जमल्यास शेजारच्या खोलीत उभं करून, भांड्यांच्या आवाजावर मात करत बोलते तशी बोलायला लावावं लागतं. शिवाय मूळ जागेची शांतता लागते. कोणी बोलत नसतानाही प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा आवाज असतो, आणि शहाणा साउंड रेकॉर्डिस्ट प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून तो रेकॉर्ड करून ठेवतो. त्या वेळी सगळे घड्याळाकडे बघत असतात. दोन महिन्यांनी त्याला दुवा देतात.

चौथं कार्ड, म्हणजे आईची नजर, हे खरं दुखणं. पण तिथेही पहिला शोध रशेसमध्येच घ्यायचा. रशेस म्हणजे शूट झालेलं सगळं फुटेज, वापरलेलं आणि न वापरलेलं. ‘अॅक्शन’ म्हणण्याआधी कॅमेरा काही सेकंद सुरू असतो आणि ‘कट’नंतरही लगेच बंद होत नाही. त्या वेळात नट वाट बघत असतो, दिग्दर्शकाकडे बघत असतो, पुढचं वाक्य आठवत असतो. एरवी हे टाकाऊ. पण विचारात पडलेला चेहरा हवा असेल तर यापेक्षा खरा कुठे मिळणार? ‘द गॉडफादर’ (१९७२) मध्ये मायकल दवाखान्यात येतो आणि वडिलांच्या खोलीबाहेर एकही पहारेकरी नाही असं त्याला दिसतं. हा प्रसंग जोडला तेव्हा त्यात हवी तेवढी भीती येत नव्हती आणि रिकाम्या कॉरिडॉरचे पुरेसे शॉट नव्हते. फ्रान्सिस फोर्ड कपोला सांगतात की त्यांचे मित्र जॉर्ज लुकस यांनी टाकून दिलेले तुकडे धुंडाळले. शॉटच्या सुरुवातीचे आणि शेवटचे, नट नसलेले, फक्त कॉरिडॉर दिसणारे. ते जोडून तो ताण उभा राहिला.

आपल्या आईचाही असा एक तुकडा सापडला. दारात उभी, क्यूची वाट बघणारी, चेहऱ्यावर नेमका हवा तो भाव. साडेतीन सेकंद. फक्त ती बघत होती उजवीकडे, कारण दिग्दर्शक तिकडे उभा होता. मास्टरमध्ये मुलगा तिच्या डावीकडे बसलेला आहे. हा शॉट तसाच लावला तर आई मुलाकडे न बघता घराबाहेर कोणाकडे तरी बघते आहे असं वाटतं. दोन पात्रांमधून एक काल्पनिक रेषा ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम यासाठीच आहे. त्यामुळे ‘अ’ नेहमी उजवीकडे बघतो आणि ‘ब’ डावीकडे, आणि वेगवेगळ्या फ्रेममध्ये असूनही ते एकमेकांकडे बघताहेत हे डोळ्याला पटतं.

मग शॉट आरशासारखा उलटा करायचा? सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. पण तसं केलं आणि पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला. पुरुषाच्या बाबतीत शर्टाचा खिसा बाजू बदलतो, केसांचा भांग बदलतो, मागे कॅलेंडर असेल तर अक्षरं उलटी होतात. कधी कधी हे खपून जातं, क्लोज खूप जवळचा असेल तर. इथे पदर ठळक होता, मराठी प्रेक्षकाला तो पहिल्या नजरेत खटकला असता. चौथं कार्ड शूटच करावं लागणार हे असं सिद्ध झालं. खटाटोप वाया गेला असं कोणाला वाटेल, पण नेमका कुठल्या दिशेला बघणारा, किती लांबीचा, कुठल्या भावाचा शॉट हवा, हे त्या सापडलेल्या तुकड्यानेच शिकवलं. तो तात्पुरता कार्डाच्या जागी बसवलाही.

तिसरं कार्ड, कागद. मिडियम शॉट मोठा करून भागतं का ते पाहिलं. फोरकेमध्ये शूट केलं असेल आणि सिनेमा फुल एचडीमध्ये दाखवायचा असेल, तर चित्र दुपटीपर्यंत मोठं करूनही फाटत नाही, आणि एका मिडियममधून बरा क्लोज काढता येतो. पण इथे कागद कॅमेऱ्याकडे पाठ करून होता. मोठा केला तर मोठी पाठ दिसली. म्हणजे हाही घ्यायचा. आणि पहिल्या कार्डासाठी वाड्याचा बाहेरून संध्याकाळचा शॉट.

म्हणजे पाचांपैकी तीन उरले. आता यादी लिहायची वेळ.

शूटिंगआधीची शॉटयादी प्रसंगानुसार असते: या प्रसंगात हे-हे शॉट. पॅचवर्कची यादी तशी लिहिली की फसगत ठरलेली. कारण इथे नवा शॉट एका ठरावीक शॉटनंतर आणि ठरावीक शॉटच्या आधी बसणार आहे, दोन्ही आधीच घेतलेले आहेत आणि बदलणार नाहीत. म्हणून प्रत्येक नोंद ‘कुठल्या दोघांच्या मध्ये’ इथून सुरू होते. आईच्या शॉटची नोंद साधारण अशी होईल:

‘प्रसंग १४. मुलगा कागद उलगडून वाचतो (मिडियम) आणि मुलगा कागदाची घडी घालतो (तोच मिडियम) यांच्या मध्ये. आई दारात, क्लोज, छातीपासून वर. नजर फ्रेमच्या डावीकडे आणि खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हातांच्या उंचीला. प्रकाश डावीकडच्या खिडकीतून, मावळतीचा, मऊ. उजवा गाल अंधारात. पदर डाव्या खांद्यावरून, कंबरेला खोचलेला. उजव्या हातात कपबशी, फ्रेमबाहेर, पण खांदा त्या वजनाने किंचित उचललेला. संवाद नाही. कटमध्ये लागणार ३ सेकंद, घ्यायचे १५. दोन प्रकार: अ, वाचते आणि तशीच बघत राहते, आ, वाचते आणि नजर खाली घेते.’

यातली प्रत्येक गोष्ट कोणाचा तरी प्रश्न टाळण्यासाठी आहे. नजर नुसती ‘डावीकडे’ लिहून भागत नाही. मुलगा जमिनीवर बसलेला आहे, उभा नाही. शूटच्या दिवशी मुलाचं काम करणारा नट नसणार. त्याच्या जागी असिस्टंटला खाली बसवून हातात कागद द्यायचा म्हणजे अभिनेत्रीची नजर योग्य उंचीवर पडते. कपबशी दिसणार नसली तरी ती हातात द्यायची, कारण रिकाम्या हाताचा माणूस वेगळा उभा राहतो. तीन सेकंदांसाठी पंधरा घ्यायचे ते दोन्ही बाजूंना जागा राहावी म्हणून. नट भावात शिरायला थोडा वेळ घेतो, आणि कापणाऱ्याला कुठून कापायचं याची मोकळीक लागते.

दोन प्रकार का? कारण एडिट अजून संपलेला नाही. शेवटच्या भांडणात आई किती कठोर दिसायला हवी याचा निर्णय त्या प्रसंगाच्या कापण्यावर आहे, आणि इथली नजर त्याला जुळवावी लागेल. मात्र दोनच. ‘आलोच आहोत तर हेही घेऊ’ करत सात प्रकार घेतले की दिवसाच्या शेवटी कामाचा शॉट घाईत उरकला जातो. तेच पहिल्या वेळी झालं होतं.

कागदाच्या नोंदीत वेगळीच काळजी. हा इन्सर्ट, म्हणजे हात आणि वस्तू एवढंच दाखवणारा शॉट. यासाठी नट लागत नाही, वाडा लागत नाही. त्याच अंगकाठीचा कोणीही चालतो. पण तोच कागद हवा, त्याच घड्या पडलेला. हातात तेच घड्याळ, शर्टाची बाही तितकीच दुमडलेली, कागद डाव्या हातात धरलेला, अंगठा सहीच्या वर. ट्रंकेचं झाकण नाही मिळालं तरी चालेल, खाली तेच घोंगडं असलं की बास. कागदावर सगळा मजकूर वाचायला लावायचा नाही. ‘साठेखत’ हे शीर्षक आणि खालची सही एवढंच ठळक, बाकी धूसर. किती वेळ ठेवायचा याचा साधा हिशेब असा की पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाला मनातल्या मनात दोनदा वाचता आलं पाहिजे. ज्याने तो कागद तयार केला त्याने वेळ लावू नये, त्याला तो न बघताच वाचता येतो.

सेटिंगची नोंदही यादीतच असते: मूळ शूटचा कॅमेरा, लेन्स, सेकंदाला किती फ्रेम, रंगाची सेटिंग. इन्सर्ट तर आहे, असं म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यावर किंवा वेगळ्या फ्रेम रेटवर घेतला की हाताची हालचाल आजूबाजूच्या शॉटांशी जुळत नाही. हे मोठ्या पडद्यावर लगेच दिसतं, लॅपटॉपवर दिसत नाही आणि म्हणून उशिरा कळतं.

यादी झाली की ती कथेच्या क्रमाने न घेता गरजेच्या क्रमाने लावायची. ज्यांना चेहरा लागतो ते एका बाजूला, नुसते हात लागतात ते दुसऱ्या, नुसती जागा लागते ते तिसऱ्या. सगळ्यात महाग चेहरा. कारण मधल्या काळात माणसं बदलतात. नटाने दुसऱ्या मालिकेसाठी दाढी वाढवलेली असते, अभिनेत्रीने केस कापलेले असतात. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’साठी नव्याने शूटिंग करायचं ठरलं तेव्हा सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल ‘मिशन इम्पॉसिबल’च्या पुढच्या भागासाठी मिशी ठेवून होता आणि त्या स्टुडिओने ती काढू दिली नाही. मिशी संगणकावर पुसली गेली, आणि सुपरमॅनच्या वरच्या ओठाची चर्चा सिनेमापेक्षा जास्त झाली. लघुपटवाल्यांना असा संगणक परवडत नाही. म्हणून करारातच पॅचवर्कचा एक दिवस लिहून घेणं आणि कट पक्का होईपर्यंत कपडे ड्रेसवाल्याला परत न करणं, हे दोन शहाणपणाचे उपाय आहेत. बरेच जण दुसरा विसरतात. तीच साडी बाजारात पुन्हा मिळत नाही, मिळाली तर तितकी धुतलेली मिळत नाही.

जागाही बदलतात. आपला लघुपट मेमध्ये शूट झाला, पॅचवर्क उगवलं जुलैत. मेमध्ये वाड्याभोवती सगळं करपलेलं होतं, जुलैत हिरवंगार. दिवसाउजेडी बाहेरचा शॉट घेणं शक्यच नव्हतं. म्हणून पहिल्या कार्डाची नोंद बदलली: संध्याकाळ न घेता पुरती रात्र, अंधारात फक्त पेटलेली खिडकी. गवताचा रंग अंधारात लपतो. पण मग आतला प्रसंग मावळतीच्या उजेडाचा आहे, त्याचं काय? रात्र आधी आणि मावळती नंतर, हे उलटं झालं. शेवटी तो शॉट रद्द केला आणि तेराव्या प्रसंगाच्या शेवटावर मंदिरातल्या सांजेच्या घंटेचा आवाज आणला. आवाजाने दुपार संपवली. पॅचवर्कच्या यादीतून शूटच्या आदल्या दिवशी एखादी ओळ गळणं ही चांगली खूण समजावी.

आणि वाडेमालकांनी मधल्या काळात लग्नासाठी माजघराला रंग दिला होता. पिवळट चुन्याच्या जागी गुलाबी ऑइलपेंट. आईचा क्लोज तिथे घेऊन उपयोग नव्हता. मग वाईला जायचंच कशाला? पुण्यातल्या एखाद्या जुन्या घराची लाकडी चौकट, मागे काळं कापड, लांब लेन्स. ८५ मिलिमीटरसारख्या लेन्सवर पार्श्वभूमी इतकी धूसर होते की चौकटीची कड आणि मागचा अंधार एवढंच उरतं. मास्टरमध्येही आईच्या मागे अंधारंच होता, नशिबाने. असं ठरवताना मूळ फ्रेमचा छापील फोटो समोर हवा, आठवणीवर विसंबू नये. खिडकीचा उजेड दिव्याने करताना त्याचा रंग दिवसाच्या उजेडाचा की बल्बचा पिवळा, हे त्याच फोटोवरून जुळवायचं.

सेटवर लॅपटॉप हवाच, त्यात तो कट. आईला आधी मागचा-पुढचा शॉट दाखवायचा. दोन महिन्यांपूर्वी कुठल्या मनःस्थितीत काय केलं होतं ते तिला तोंडी सांगून आठवत नाही, बघून आठवतं. शॉट झाला की कार्ड काढून तो लगेच जागेवर बसवायचा आणि तिथल्या तिथे बघायचा. नजर दोन बोटं वर गेली असेल तर इथेच कळतं, घरी गेल्यावर कळून काय फायदा? अर्ध्या दिवसाचं काम, फक्त दोन कार्डं. पण दिवस मोकळा आहे म्हणून आणखी काही घ्यायच्या फंदात पडू नये, असं माझं मत. आवाज तेवढा घ्यावा. आई तिथे आलीच आहे, तर ‘बिल ट्रंकेत असेल’ हे वाक्य त्या घराच्या आतल्या खोलीतून बोलवून घेतलं की डबिंग स्टुडिओचा खर्चही वाचतो आणि आवाजही खरा येतो. जुलै असल्यामुळे पत्र्यावर पाऊस वाजत नाही ना, एवढं बघायचं.

नवे शॉट बसले की काम संपलं असं वाटतं. इथे स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘जॉज’बद्दल सांगितलेली गोष्ट उपयोगी पडते. १९७५ साली सिनेमा जवळपास तयार होता. आधीच्या खेळांत प्रेक्षकांना दाखवला, तर शार्क एकाएकी पाण्याबाहेर येतो तिथे सगळं थिएटर किंचाळलं. स्पीलबर्ग यांना आणखी एक किंकाळी हवीशी वाटली. बुडालेल्या होडीच्या भोकातून मेलेल्या मच्छिमाराचं मुंडकं बाहेर येतं, हा प्रसंग सिनेमात होता पण दणका देत नव्हता. स्टुडिओने पैसे द्यायला नकार दिला. मग ३,००० डॉलर स्वतःच्या खिशातून घालून त्यांनी तो शॉट एडिटर व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात पुन्हा घेतला. पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं, उजेड अडवायला वरून ताडपत्री टाकली. मूळ शूट अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं, आणि हा तुकडा लॉस एंजलिसच्या एका बंगल्याच्या परसातला. आज बघताना जोड सापडत नाही. फील्ड्स यांना त्या एडिटिंगसाठी ऑस्करही मिळालं.

पण नंतरच्या खेळात काय झालं ते जास्त महत्त्वाचं. मुंडक्यावर लोक प्रचंड किंचाळले, आणि पुढे शार्क वर आला तेव्हाची किंकाळी पहिल्यापेक्षा निम्मी झाली. एकदा दचकलेला प्रेक्षक सावध झाला होता. नवा शॉट त्याच्या जागी उत्तम होता, त्याने दुसऱ्या शॉटची धार कमी केली.

म्हणून आईचा क्लोज बसवल्यावर फक्त चौदावा प्रसंग बघून चालत नाही. सिनेमा सुरुवातीपासून बघावा लागतो आणि नंतरच्या प्रत्येक जागी विचारावं लागतं की आता हे अजून लागतं का. आपल्या लघुपटात सतराव्या प्रसंगात आई स्वयंपाकघरात एकटी बसून रडते असा चाळीस सेकंदांचा एक शॉट होता. तिला सगळं माहीत आहे हे सांगण्यासाठी तो लिहिला होता. दारातल्या त्या तीन सेकंदांनी ते आधीच सांगून टाकलं. चाळीस सेकंद बारावर आले, रडण्याआधीच कापलं, आणि त्यावरचं पार्श्वसंगीतही मग काढलं. एकोणिसाव्या प्रसंगातलं ‘मी पाहिलं होतं’ हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर दिग्दर्शक आणि एडिटर यांचं अजून पटलेलं नाही.